चिऱ्याचे घर आणि रेंडरचा प्रॉम्प्ट: माझा अनुभव

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी जुन्या घराशेजारी नवे घर बांधायचे ठरले आणि घरात एकच वाद सुरू झाला. दर्शनी भिंत जांभ्या दगडाच्या उघड्या चिऱ्यांची ठेवायची की गिलावा करून रंगवायची? बाबांना चिरे हवे होते. आईचे म्हणणे होते की दोन पावसाळ्यांत चिऱ्यांवर काळे शेवाळ चढते आणि मग दरवर्षी घासत बसायचे कोणी? इंजिनिअरने प्लॅन आणि एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारे रेखाचित्र, दिले होते, पण त्या बारीक रेघांवरून भिंत कशी दिसेल ते दोघांनाही कळत नव्हते. लिहिलेल्या मजकुरावरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र काढून देणारे एआयचे साधन वापरून दोन्ही पर्याय समोर ठेवावेत म्हणून मी कामाला लागलो.

सुरुवातीला कुणीही लिहील तेच मी लिहिले: गोव्यातल्या घराचा वास्तववादी दर्शनी रेंडर. चित्र सुरेख आले. पिवळ्याधमक भिंती, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी, दारात बसायच्या ओट्यांचा बल्काव, मागे माडांची रांग, पुढे निळा स्विमिंग पूल आणि सगळ्यावर संध्याकाळचे सोनेरी ऊन. बाबा म्हणाले, "हे कोणाचं रे घर?" प्रश्न बरोबर होता. गोवा म्हटल्यावर या साधनाने जी चित्रे सर्वांत जास्त पाहिली असतील, त्यांची सरासरी काढून त्याने पुढे ठेवली होती. जे आपण सांगत नाही ते साधन अशा सरासरीने भरते. म्हणून वाक्य सजवण्यात अर्थ नाही. आपल्या घराच्या बाबतीत ही सरासरी नेमकी कुठे चुकेल ते ओळखायचे आणि तेवढ्याच जागा भरून काढायच्या.

फोंड्याला एका आर्किटेक्टकडे काम करणाऱ्या माझ्या चुलत बहिणीला मी ते चित्र पाठवले. तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, नुसतं लिहून मागितलंस? एलिव्हेशन जोडलं नाहीस?" घराचा आकार शब्दांत सांगून मिळत नाही, असे ताईचे स्पष्ट मत होते आणि ते लगेच पटले. आमच्या दर्शनी भिंतीची लांबी अकरा मीटर आहे. मध्ये दार, दाराच्या उजवीकडे दोन खिडक्या, डावीकडे एक आणि तिच्या पलीकडे उघडा सोपा. हे सगळे शब्दांत लिहिले तर कधी खिडक्या चार येतात, कधी सोपा उजवीकडे जातो. मीटरचे आकडे तर बहुतेक वेळा वाऱ्यावर जातात, कारण हे साधन मोजून रेघ मारत नाही, शब्दांशी जुळेल असे दृश्य रचते.

त्यामुळे इंजिनिअरकडून मी रंग न भरलेले साधे थ्रीडी दृश्य मागून घेतले. फक्त करडे ठोकळे, पण भिंती, दारे, खिडक्या आणि छपराचा उतार मापात. हे जोडचित्र म्हणून द्यायचे आणि प्रॉम्प्टच्या सुरुवातीलाच सांगायचे की भिंती, उघडी तोंडे, छपराचा उतार आणि पाहण्याची जागा जोडलेल्या दृश्याप्रमाणेच ठेव. बऱ्याच साधनांत जोडचित्राला किती धरून राहायचे हे ठरवणारी एक सरकपट्टी असते. ती फार सैल ठेवली की साधन स्वतःच्या मनाने एखादी खिडकी वाढवते. फार घट्ट केली की चिऱ्यांऐवजी करड्या ठोकळ्यावर तांबडा रंग फासल्यासारखे दिसते. चित्र आले की मी ते मूळ दृश्यावर अर्धपारदर्शक ठेवून पाहायचो. आढे, वळचणीची कड आणि खिडक्यांच्या उंबरपट्ट्या जुळल्या तरच पुढचे बघायचे, नाहीतर ते चित्र बाद.

याच टप्प्यावर एक गोष्ट समजली. वळचण भिंतीच्या किती बाहेर काढायची, दीड फूट की अडीच फूट, हाही आमच्याकडे प्रश्न होता. तो प्रॉम्प्टमध्ये लिहून सुटणारा नाही. जी गोष्ट मापाची आहे ती दृश्यातच बदलावी लागते. इंजिनिअरने दोन्ही वळचणींची दृश्ये दिली. प्रॉम्प्टमध्ये माप लिहिले ते केवळ शब्द आणि चित्र एकमेकांशी भांडू नयेत म्हणून.

आकाराची काळजी चित्राने घेतल्यावर प्रॉम्प्टमधली जागा मोकळी झाली ती साहित्यासाठी. इथेच सर्वांत जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते तो जायलाच हवा.

चिरा म्हणजे लॅटराइट, हे साधनाला ठाऊक असते. पण नुसते लॅटराइटची भिंत लिहिले की पुष्कळदा तांबड्या विटांची भिंत येते. का, ते सहज लक्षात येते. तांबडे, चौकोनी, ओळीत रचलेले असे काही म्हटले की विटांची चित्रे जगात फार आहेत आणि चिऱ्यांची फार थोडी. फरक सांगायचा तर मापापासून सुरुवात करावी लागते. चिऱ्याचे दिसणारे तोंड साधारण सव्वा फूट लांब आणि अर्ध्या फुटाहून थोडे अधिक उंच असते. खाणीप्रमाणे हे माप थोडे बदलते, पण विटेच्या कितीतरी पट मोठे असतेच. एका दाराच्या उंचीत चिऱ्यांचे अकरा-बारा थर बसतात. विटा असत्या तर जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून जास्त भरले असते. चित्रात दाराशेजारचे थर मोजले की विटा आहेत की चिरे, ते लगेच उघडे पडते.

मग पोत. चिऱ्याला भोके असतात, कुठे बारीक, कुठे बोट जाईल एवढी. रंगही एकसारखा नसतो. एकाच चिऱ्यात गंजासारखा तांबडा, मध्येच हळदीसारखा पिवळट आणि कुठे जांभळट तपकिरी. हे लिहिले नाही तर सगळी भिंत एका छटेची येते आणि ती खोटी आहे हे गोव्यातल्या माणसाला दुरूनही कळते. यंत्राने कापलेला चिरा असेल तर कडा सरळ आणि सांधे बारीक. जुन्या घरांतल्या हाताने घडवलेल्या चिऱ्यांच्या कडा ओबडधोबड. आमचा चिरा यंत्राचा, म्हणून तसे लिहिले, आणि सांधे करड्या सिमेंटचे हेही लिहिले.

कौलांचेही असेच. मातीची कौले एवढेच म्हटले की साधन अर्धगोल नळ्यांची कौले घालते. गोव्यातल्या जुन्या घरांवर तशी कौले होतीच, त्यामुळे चित्र सरसकट चूक म्हणता येत नाही, पण आमच्याकडे मंगळुरी कौले बसणार होती. ती चपटी, एकमेकांत अडकणारी असतात. उन्हात अर्धगोल कौलांच्या छपरावर जाड लाटा दिसतात, मंगळुरी कौलांवर बारीक खाचांच्या सरळ ओळी. मंगळुरी हे नाव लिहूनही चपटी आणि अडकणारी हे वर्णन जोडावे लागले. नुसत्या नावावर विसंबू नये. साधनाने ते नाव ऐकलेले असले तरी त्याचे चित्र त्याच्याकडे पुसट असू शकते.

सर्वांत मजा आली ती तुळशी वृंदावनाची. नाव लिहिले तेव्हा एकदा संगमरवरी कारंजे आले, एकदा फुलांची कुंडी. शेवटी नाव सोडले आणि आकार लिहिला: कमरेएवढा उंच, चौकोनी, चुनखडीच्या रंगाचा चौथरा, वर एक छोटे रोप. वृंदावन जागच्या जागी उभे राहिले. आई तेवढ्यावरच खूश झाली.

साहित्याबरोबर त्याचे वयही सांगावे लागते. काही न सांगता आलेली भिंत दुकानातल्या नमुन्यासारखी कोरी येते, आणि चित्र बनावट वाटण्याचे मोठे कारण हेच असते. मात्र इथे आपला हेतू पाहावा. आम्हाला आईच्या शंकेचे उत्तर हवे होते, म्हणून मी चिऱ्यांचे दुसरे चित्र चार पावसाळे झाल्यानंतरचे मागितले. नुसते जुने घर म्हटले तर भिंतीला तडे आणि गिलाव्याचे पोपडे येतात. म्हणून डाग कुठे पडतात ते लिहिले: जोत्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, जिथे पागोळ्यांचे पाणी आपटून उडते तिथे काळसर हिरवट पट्टा, आणि खिडक्यांच्या उंबरपट्ट्यांच्या टोकांखाली ओघळ. वळचणीखालचा वरचा भाग कोरडा आणि स्वच्छ. पाणी कसे वाहते हे माहीत असेल तर डाग कुठे पडेल हे सांगता येते, आणि तसे सांगितले की चित्रातला डाग खरा वाटतो.

आता उजेड. आमचे घर उत्तराभिमुख आहे आणि तिथेच बहुतेक सुंदर रेंडर खोटे ठरतात. प्रत्येक चित्रात दर्शनी भिंतीवर समोरून तिरपे सोनेरी ऊन यायचे. ताईने विचारले, "तुझ्या दारात असं ऊन कधी येतं?" मी विचार केला तर थंडीत कधीच येत नाही. गोवा साडेपंधरा अक्षांशाच्या आसपास आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून पन्नास-एक अंशांवरच असतो, आणि तोही घराच्या मागे. म्हणजे उत्तरेकडची भिंत सगळा हिवाळा सावलीत. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, तेव्हा सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा भिंतीला ऊन घासून जाते. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला असतो, पण तो इतका उभा असतो की वळचण त्याला भिंतीवर फारसा येऊ देत नाही. शिवाय जूनपासून ढगच असतात.

हे सगळे रंगाच्या निवडीला थेट भिडते. समोरच्या उन्हात चिरा पेटल्यासारखा तांबडा दिसतो. सावलीत तोच चिरा गडद, तपकिरीकडे झुकलेला दिसतो आणि वळचणीखाली तर आणखी काळवंडतो. बाबा ज्या तांबड्या भिंतीच्या प्रेमात होते ती त्यांना आमच्या दारात वर्षातून थोडे दिवस, तेही सकाळ-संध्याकाळच दिसली असती. म्हणून मी प्रॉम्प्टमध्ये महिना, वेळ आणि सूर्य घराच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहिले: जानेवारीची दुपार, निरभ्र आकाश, सूर्य घराच्या मागे, दर्शनी भिंत मऊ सावलीत. वळचणीची कड जमिनीपासून तीन मीटरवर असेल आणि सूर्य त्रेपन्न अंशांवर, तर घराची सावली भिंतीपासून अंगणात सुमारे तीन मीटर पडते. तेही लिहिले. पुढे चित्र तपासायला हाच आकडा कामी आला, कारण सावली अंगणाकडे न पडता भिंतीवर तिरकी पडली असेल तर साधनाने सूर्य पुन्हा समोर आणलेला असतो.

एक बारकावा फोटो काढणाऱ्यांना माहीत असतो. भिंत सावलीत आणि आकाश उजेडात असेल तर दोन्ही एकाच वेळी नीट दिसत नाहीत. कॅमेरा भिंतीसाठी लावला तर आकाश फिकट, जवळजवळ पांढरे होते. रेंडरमध्ये मात्र गडद निळे आकाश आणि उजळ भिंत एकत्र येतात आणि डोळ्याला काहीतरी खटकते. उजेड भिंतीसाठी धरला आहे आणि आकाश फिकट आहे, एवढे लिहिल्यावर चित्र एकदम फोटोच्या जवळ गेले. त्याच्या तुलनेत अतिवास्तव, प्रचंड बारकावे, उच्च दर्जा असले शब्द घालून काही हाती लागले नाही. काही वेळा त्यांनी उलट चकचकीतपणाच वाढवला.

कॅमेऱ्याचा मुद्दा छोटा आहे. न सांगितल्यास साधन ड्रोनच्या उंचीवरून किंवा लांबच्या मैदानातून घर दाखवते. आमच्या दारापुढे अंगण आणि वाट धरून मागे सरकायला नऊ मीटरच मिळतात, मग शेजाऱ्यांचा गडगा लागतो. नऊ मीटरवरून 35 मिमीच्या लेन्समध्ये नऊ मीटरच्या जरा वर रुंदी मावते, म्हणजे आमची अकरा मीटरची भिंत कापली जाते. 24 मिमीमध्ये साडेतेरा मीटर मावते. म्हणून 24 मिमी, डोळ्याची उंची 1.6 मीटर आणि उभ्या रेघा सरळ असे लिहिले, आणि इंजिनिअरकडूनही त्याच जागेवरून दिसणारे दृश्य मागून घेतले. जोडचित्र एका जागेवरून आणि शब्द दुसऱ्या जागेवरून असले तर आढे वाकडे येते.

पूल जाता जात नव्हता तो शेवटी वेगळ्याच उपायाने गेला. स्विमिंग पूल नको असे लिहिले की अनेकदा पूल येतोच, कारण नकोपेक्षा पूल हा शब्द जड पडतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे तो शब्द चालतो. मी वापरत होतो त्यात तो नव्हता. म्हणून ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरली: झाडलेले तांबड्या मातीचे अंगण, डावीकडे एक माड, जास्वंदीचे कुंपण, पायरीशेजारी उभी स्कूटर. स्कूटर हौसेने घातलेली नाही. सर्वांना तिचा आकार ठाऊक असतो, म्हणून घर केवढे आहे ते तिच्यावरून समजते आणि दार खोटे उंच झाले असेल तर तेही कळते.

हे साधन इंग्रजी मजकूर जास्त नीट ओळखत होते, म्हणून अखेरचा प्रॉम्प्ट इंग्रजीत राहिला:

```
Keep walls, openings, roof slope and camera
exactly as in the attached view.
Photo of a single-storey house in a Goa village.
Front wall: exposed machine-cut laterite blocks,
about 38 x 18 cm, pitted, mixed rust, ochre and
purple-brown, thin grey cement joints.
Roof: flat interlocking Mangalore clay tiles,
75 cm eaves. Brown wooden windows, plain vertical
iron bars.
January noon, clear sky, sun behind the house.
Front wall in soft shade, house shadow about 3 m
into the yard. Exposed for the wall, pale sky.
Eye level 1.6 m, 24 mm lens, straight verticals.
Swept red-earth yard, one coconut palm at left,
hibiscus hedge, scooter by the steps, waist-high
square whitewashed pedestal with a small plant.
```

क्रम मुद्दाम असा आहे. काही मॉडेल लांब मजकुराचा शेवट कमी ऐकतात किंवा कापूनच टाकतात, म्हणून ज्याच्याशिवाय चित्र निरुपयोगी होईल ते वर आणि माड-स्कूटर खाली. गिलाव्याच्या पर्यायासाठी मी फक्त दर्शनी भिंतीचे वाक्य बदलले. त्या जागी फिकट पिवळसर रंगाचा, हाताने घोटलेला, किंचित लहरी पृष्ठभागाचा गिलावा लिहिला आणि बाकी अक्षरही हलवले नाही. साधनात चित्राची सुरुवात कुठून होते ते ठरवणारा सीड नावाचा आकडा असतो, तो दोन्हीकडे एकच ठेवला. नाहीतर एका चित्रात ढग आणि दुसऱ्यात ऊन येते आणि माणसे भिंतीऐवजी हवामान निवडतात.

चित्रे दाखवण्याआधी ती मोठी करून पाहिली. खिडक्यांचे गज मध्येच विरघळलेले नाहीत ना, कोपऱ्यावर चिऱ्यांचे थर एका भिंतीवरून दुसरीवर त्याच उंचीने वळतात ना, सोप्याच्या खांबाला खाली जमीन आहे ना. एका चांगल्या चित्रात खांब पायरीच्या वर हवेत लोंबकळत होता. बाबांच्या नजरेतून तो सुटला नसता, आणि मग पुढच्या भिंतीच्या चर्चेचे तीन तेरा वाजले असते.

सावलीतली चिऱ्याची भिंत पाहून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काळोख वाटतो." आईने चार पावसाळ्यांनंतरचे चित्र पुढे केले. त्यातला काळा पट्टा गुडघ्याएवढाच होता, तिला वाटला होता त्याहून बराच कमी. अडीच फुटांच्या वळचणीच्या चित्रात भिंत आणखी अंधारी दिसत होती, पण पावसाची झड कुठवर येते ते दोघांनाही माहीत असल्याने ती वळचण ठेवायची यावर वाद झाला नाही. शेवटी जोते आणि खिडक्यांच्या उंबरपट्टीपर्यंतची भिंत उघड्या चिऱ्यांची आणि त्यावर फिकट गिलावा असे ठरले. त्याचेही चित्र काढले, पण त्यासाठी प्रॉम्प्ट बदलून भागले नाही. चिरा कुठे संपतो ती आडवी रेघ इंजिनिअरच्या दृश्यात आधी काढून घ्यावी लागली. शब्दांत सांगितली तेव्हा ती दर चित्रात वेगळ्या उंचीवर यायची.

गिलाव्याची छटा मात्र आम्ही चित्रावरून पक्की केली नाही. बाबांच्या फोनवर ती हस्तिदंती दिसते आणि माझ्या लॅपटॉपवर पिवळी. मिस्त्री आता जुन्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे नमुने रंगवून देणार आहे. चिरा आणि गिलावा जिथे मिळतात तिथे पाणी आत जिरू नये म्हणून पट्टी कशी काढायची ते रेंडरमध्ये दिसतच नाही. तो तपशील इंजिनिअर वेगळ्या कागदावर काढतो आहे.